धूसर फॉर्म, पुन्हा पाठवा! (सोसायटीच्या पत्रांचे अनुभव)

गच्चीवरची
आज सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पत्र लागलंय: "ज्या सभासदांनी मेंबरशिप फॉर्मचे फोटो ग्रुपवर पाठवले आहेत, त्यांपैकी बरेच धूसर असल्याने नोंद करता येत नाही. कृपया स्पष्ट फोटो पुन्हा द्यावेत. - सेक्रेटरी." खाली फ्लॅट नंबरांची यादी, त्यात आम्हीही.

बाकीचे वैतागलेत. मला मात्र २६ जुलै २००५ आठवला. तेव्हा आम्ही कालिन्याला राहायचो. सोसायटीचं ऑफिस तळमजल्यावर, कपाटाचे खालचे दोन खण पाण्यात. सभासदांच्या नोंदीचं आय रजिस्टर, त्याची पानं एकमेकांना चिकटली, शाई पसरली. मग घरोघरच्या फॉर्मच्या प्रती गोळा करून रजिस्टर पुन्हा लिहिलं. बाबा कमिटीत होते, जेवणाच्या टेबलावर दोरीला कागद वाळत असायचे. तुमच्याकडेही असं काही झालंय का? लिहा.

निवांत_नाना
हो आलंय आम्हालाही. सूनबाई म्हणाली धूसर फोटो बदला, म्हणून स्टुडिओत जाऊन पासपोर्ट साइजचे नवे काढून आणले. सेक्रेटरी म्हणतो काका, चेहऱ्याचा नाही हो, फॉर्मचा! आता आठ फोटो उरलेत. कुणाला हवेत?

चहा_बिनसाखरेचा
😂😂 नाना, एक नॉमिनेशनला लावा

रेवती_कु
एवढं काय त्यात. पाठवताना एचडी निवडायचं, झालं.

जुना_खजिनदार
रेवती, त्याने फरक पडतो, पण अर्धाच. मी अकरा वर्षं दफ्तर सांभाळलं, हेच सगळं पाहिलंय. ग्रुपवर साधा फोटो टाकला की आमच्यापर्यंत लांब बाजूला साधारण १६०० ठिपक्यांचा पोचायचा. फॉर्म लीगल साइजचा, १४ इंच. म्हणजे इंचाला ११४ ठिपके. त्यात लोक टेबल, चष्मा, मांजर सगळं फोटोत घेतात, फॉर्म अर्ध्याच भागात. उरले ५७. हाताने लिहिलेला तीन मिलिमीटरचा आकडा मग सातेक ठिपक्यांत बसवायचा. तिथे ३ की ८, कोण सांगणार? एचडी टाका, पण आधी फॉर्मने फ्रेम भरा, आणि फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडा. मग फाइल आहे तशी जाते.

मात्र हात हलून धूसर झालेला फोटो कसाही पाठवा, धूसरच. ओळखायचं कसं? मोठा करून बघा. अक्षरं एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसली तर हात हलला. चौकोनी डाग दिसले तर पाठवताना दबला. पहिल्यात फोटो नव्याने काढावा लागतो, दुसऱ्यात तोच डॉक्युमेंट करून पाठवला तरी चालतं.

मीनल ७०३
आमच्या फॉर्मवर शेअर नंबर २३१ ते २४० की २८१ ते २९०, यावरून दोन महिने वाद!! शेवटी काय केलं माहीत नाही, यजमान बघतात ते

जुना_खजिनदार
हा वाद घरबसल्या सुटतो. मूळ वाटप क्रमाने असेल आणि प्रत्येकाला दहा शेअर असतील, तर २३१ पासूनचे चोविसाव्या सभासदाचे, २८१ पासूनचे एकोणतिसाव्याचे. शेजारच्या सर्टिफिकेटचे नंबर बघायचे. फक्त मधे कुणाला जादा शेअर दिले असतील तर हिशोब कोसळतो, म्हणून मूळ सर्टिफिकेट बघितल्याशिवाय रजिस्टरमध्ये लिहू नका. आणि सही, तारीख? ती अशी काढता येत नाही.

पावभाजी_प्रेमी
मी स्कॅनच्या ॲपमध्ये काळा-पांढरा केला, छान खुटखुटीत दिसत होता. सेक्रेटरी म्हणाला शिक्काच गायब 🙄 निळा शिक्का फिकट होता, ॲपने कागद समजून पुसून टाकला. रंगीतच ठेवा बाबांनो.

रेवती_कु
बरं मान्य. पण ग्रुपवर का मागतात? फॉर्मसोबत आधार, पॅन जोडलेलं असतं. दीडशे लोकांसमोर?

गच्चीवरची
अगदी!! आमच्याकडे एकीने सासऱ्यांचं नॉमिनेशन ग्रुपवर टाकलं. कुणाच्या नावे किती टक्के, सगळ्या बिल्डिंगला कळलं. धाकट्या दिरांनी त्या दिवसापासून लिफ्टमध्ये बोलणं सोडलंय.

चहा_बिनसाखरेचा
ते धूसर असतं तर बरं झालं असतं 😬

जुना_खजिनदार
सेक्रेटरीला एकट्याला पाठवा किंवा झेरॉक्स काढून ऑफिसात पोच घ्या. नॉमिनेशन तर तीन प्रतींत कागदावरच द्यायचं असतं, फोटोवर भागवू नका. ऑडिटर फोटोची प्रिंट मान्य करेल का, हे आमच्याकडेही दरवर्षी वेगळंच ठरायचं.

मीनल ७०३
यजमानांना विचारलं. म्हणतात वाद अजून चालूच आहे 🤦‍♀️

निवांत_नाना
फोटो सहा उरलेत. दोन मुलीने लग्नाच्या बायोडेटाला नेले. तिच्या नाही हो, माझ्या पुतण्याच्या. चेहरा सारखाच म्हणे!