‘गप्प बसतोस का?’ हा प्रश्न की आज्ञा? एका मार्काचा वाद

खडू-डस्टर (परभणी)
सातवीच्या चाचणीत वाक्याचा प्रकार ओळखायला दिला होता: ‘तू जरा गप्प बसतोस का?’ उत्तरसूचीत ‘प्रश्नार्थी’ आहे. एका मुलीनं ‘आज्ञार्थी’ लिहिलं. तिचं म्हणणं, असं कुणी म्हटल्यावर आपण हो-नाही सांगत नाही, गप्प बसतो. मार्क द्यायचा का?

बालाघाटी
नाही द्यायचा. वाक्याचा प्रकार बांधणीवरून ठरतो, ऐकणारा पुढं काय करतो त्यावरून नाही.

आधी क्रियापद बघा. ‘बसतोस’ हा साधा वर्तमानकाळ आहे. आज्ञार्थी वाक्य असतं तर ‘बस’, ‘बसा’, ‘बसू नको’ यांपैकी काहीतरी दिसलं असतं. मग ‘का’ बघा. तो क्रियापदाच्या मागं, वाक्याच्या टोकाला आहे, म्हणजे हो-नाहीचा प्रश्न. तोच ‘का’ क्रियापदाच्या आधी आणला की ‘तू का गप्प बसतोस?’ होतं आणि प्रश्न कारण विचारणारा होतो. जागा बदलल्यावर प्रश्नाची जात बदलली, पण दोन्हीकडं बांधणी प्रश्नाचीच राहिली. ‘तू गप्प बस का’ असं म्हणून बघा, जमतंय का? आज्ञार्थी रूपाला हा ‘का’ चिकटत नाही, त्याला ‘की’ लागतो: ‘गप्प बस की’. एवढं सातवीच्या पोराला दाखवता येतं.

तिसरी घंटा
इतकं कशाला? शेवटी प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे प्रश्नार्थी. उद्गारचिन्ह असलं की उद्गारार्थी. पोरांना हेच शिकवा, गोंधळ होत नाही.

मांजराकाठ
घंटासर, ‘कसला आवाज आहे’ एवढं लिहितो, चिन्ह देत नाही. सांगा प्रकार.

रात्री पत्र्यावर काहीतरी वाजलं आणि म्हटलं, तर प्रश्न. भजनात गायकानं वरचा सूर लावला आणि म्हटलं, तर उद्गार. तिसरंही आहे. कुणी कुरकुरलं की फार आवाज होतोय, त्यावर ‘कसला आवाज! पंखा तर चालूय’, म्हणजे आवाज नाहीच. शब्द जवळपास तेच आणि कामं तीन. लिहिणारा अर्थ ठरवून मग चिन्ह मारतो. चिन्ह बघून प्रकार ओळखायचा म्हणजे दुसऱ्यानं सोडवलेलं गणित उतरवून घेणं. किती, केवढा, काय, कसला या सगळ्या शब्दांचं असंच आहे.

आता बालाघाटी सरांकडं वळतो. बांधणी प्रश्नाची, मान्य. पण मुलीनं जे पकडलं ते चूक नाही, आणि त्याला कसोटी आहे. ते बोलणं तिसऱ्याला सांगून बघा. ‘बाईंनी मला विचारलं, मी गप्प बसतो का’ असं घरी सांगणारा पोरगा एकतर भोळा नाहीतर वस्ताद. सरळ पोरगा ‘बाईंनी गप्प बसायला सांगितलं’ म्हणतो. ‘तुझी सहामाही कधी आहे?’ याचं मात्र ‘विचारलं’च होतं. विचारलं की सांगितलं, यातून बोलणाऱ्याचा हेतू बाहेर येतो, आणि हे पोरांना न शिकवता येतं.

उत्तरावरूनही कळतं. ‘पाणी देता का?’ यावर ‘हो’ म्हणून जागेवर बसून राहिलेल्या माणसानं व्याकरणाप्रमाणं उत्तर दिलं, आणि पाहुणा तहानलेलाच.

तिसरी घंटा
बरं, चिन्हाचं मागं घेतो. पण ‘जरा’ आहे ना वाक्यात! ‘जरा’ आला की विनंती किंवा आज्ञा. ‘जरा सरकता का’, ‘जरा बघता का’. ‘जरा तुमचं गाव पाथरी का?’ असं कुणी विचारत नाही.

बालाघाटी
हे अर्धं बरोबर आहे. ‘आता जरा बरं वाटतंय का?’ यात ‘जरा’ आहे आणि विनंती कुठंच नाही. तिथं ‘जरा’ म्हणजे थोडं. विनंतीतला ‘जरा’ सांगितलेलं काम हलकं करून दाखवतो, म्हणून ऐकणाऱ्याला करता येईल अशा कामाबरोबरच तो येतो. सरकणं हातातलं आहे, बरं वाटणं नाही. ‘जरा’ दिसला की आधी हे तपासायचं.

निवृत्त हेडक्लार्क
मी हयातभर नोटिसा टाइप केल्या, म्हणून विचारतो. ‘आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा ही नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत सादर करावा.’ शेवटी प्रश्नचिन्ह देऊ का पूर्णविराम, यावर आमच्या कार्यालयात दोन साहेबांचं कधी जमलं नाही. मला स्वतःला एकदा अशी नोटीस मिळाली, तिच्यात प्रश्नचिन्ह होतं. मी उत्तरात लिहिलं, ‘कारवाई करू नये, कारण माझी चूक नाही.’ खुलासा असमाधानकारक ठरला. नोटीस प्रश्नार्थी होती ना? मग प्रश्नाचं उत्तर दिलं तर बिघडलं कुठं?

बालाघाटी
साहेब, धागा सातवीच्या मार्काचा आहे, पण उदाहरण भारी आणलंत. तुमची नोटीस प्रश्नार्थी नाहीच. ‘का करण्यात येऊ नये’ हा प्रश्न पोटात आहे. ‘याचा’ हा शब्द त्याला धरून मुख्य वाक्याला बांधतो आणि मुख्य क्रियापद ‘सादर करावा’ हे आहे. ‘-आवा’ म्हणजे विध्यर्थ. प्रकार मुख्य क्रियापदावरून धरायचा, म्हणून पूर्णविराम. ‘तो कधी येणार हे मला माहीत नाही’ यालाही आपण प्रश्नचिन्ह देत नाही.

आणि पोटातला प्रश्नही बघा. ‘कारवाई का करू नये’ विचारणारा कारवाईचा हात आधीच उचलून बसलेला असतो. तो अडवायचा तर कोणत्या तारखेला काय घडलं, कागद काय आहे, हे द्यावं लागतं. तुम्ही प्रश्नाला उत्तर दिलंत, मागितला होता खुलासा.

मांजराकाठ
म्हणजे तुम्हीसुद्धा शेवटी हेतूवरच आलात.

बालाघाटी
हेतू नाही म्हणतो कोण? आणि हे माझं वाक्यही बघा, रूप प्रश्नाचं आणि अर्थ ‘कोणीच नाही म्हणत नाही’. अशा प्रश्नात होकारी बांधणी नकार सांगते. पोरं वाक्यरूपांतरात इथंच चुकतात. ‘आपलं कोण ऐकतं?’ याचं विधानार्थी करताना ‘आपलं कोणीतरी ऐकतं’ लिहून मोकळी होतात. संस्कृत काव्यशास्त्रात आवाजाच्या चढउतारानं फिरणाऱ्या अशा अर्थाला ‘काकु’ हा शब्दच आहे. दोन गोष्टी आहेत हे मला मान्यच आहे. त्यांना एक नाव देऊ नका, एवढंच म्हणतो.

खरी अडचण आपल्या नावांतच आहे. ‘आज्ञार्थ’, ‘विध्यर्थ’ यांतला ‘अर्थ’ जुन्या व्याकरणात क्रियापदाच्या रूपाबद्दल आहे. मुलगी ‘आज्ञार्थी’ वाचते आणि ‘आज्ञा हा ज्याचा अर्थ’ असं फोडते. मराठी म्हणून तिची फोड बरोबर, पारिभाषिक शब्द म्हणून चूक. हे तिला कुणी सांगितलंय का?

उदगीरची
आमच्याकडचं एक कुणीच धरलं नाही. ‘गप बसतू का दिऊ एक?’ इथला ‘का’ प्रश्नाचा नाही, ‘किंवा’चा आहे. दोन वाटा ठेवल्यात आणि दुसरी कुणी निवडणार नाही. ‘गप बसतू का न्हाई?’ हेही तसलंच. यात माहिती विचारलीय असं दोन वर्षांचं लेकरूही समजत नाही.

दुसरं. काम सांगायला साधं रूप लागतं, चालू काळाचं चालत नाही. ‘दार लावतूस का?’ म्हणजे लाव. ‘दार लावलालास का?’ (परभणीकडं ‘लावायलास का?’) म्हणजे तू आत्ता तेच करायलास का, अशी नुसती चौकशी. चुलीपाशी बसलेली बाई ‘पाणी देतूस का?’ म्हणते, तेव्हा कुणीतरी उठतं. म्हणजे रूप आणि हेतू अगदीच वेगळे नाहीत, कोणतं रूप उसनं घ्यायचं याचेही नियम आहेत.

मांजराकाठ
ताई, नियम चांगला आहे, पण पक्का नाही. पाणी मागून पाच मिनिटं झाल्यावर ‘अरे, द्यायलास का पाणी?’ असा आवाज येतोच, आणि ती चौकशी नसते.

उदगीरची
ते काम सांगणं नाही हो, आधी सांगितलेल्या कामाचा तगादा आहे. पहिल्यांदा मागताना कुणी ‘द्यायलास का’ म्हणत नाही.

मांजराकाठ
तगादा वेगळा धरायचा की आज्ञेतच, ते मला अजून पटलेलं नाही. असो.

उलट्या बाजूनंही बघा, नाहीतर पोरांना वाटेल प्रश्नच तेवढे फसवे. ‘टाक हात, मग दाखवतो’ हे आज्ञार्थी रूप आहे आणि सांगतंय हात टाकू नको. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो, रूप विधानाचं, काम निरोपाचं, आणि जातोय हे दोघांनाही दिसतंय. त्यापेक्षा नरम ‘येऊ का?’, त्यावर घरधनी ‘या’ म्हणतो. ‘या’ म्हणजे आज्ञा, पण इथं ती परवानगी. दारातली ही दोन वाक्यं वहीत लिहा, एका बाजूला रूप, दुसऱ्या बाजूला काम. दोन्ही रकाने कुठंच जुळत नाहीत.

तिसरी घंटा
हे सगळं चाचणीत आलं तर पोरगं पेपर सोडून पळेल.

बालाघाटी
खडू-डस्टर, पुढच्या वेळी प्रश्नच असा लिहा: ‘वाक्याचा रूपावरून प्रकार लिहा (अर्धा गुण). बोलणाऱ्याला काय हवे आहे ते एका वाक्यात लिहा (अर्धा गुण).’ दुसऱ्या भागात ‘आज्ञार्थी’सारखा व्याकरणातला शब्द मागू नका, नाहीतर पुन्हा तोच घोळ. ‘समोरच्याने गप्प बसावे’ एवढं पुरे. आणि वाक्याआधी प्रसंगाची एक ओळ द्या. नुसतं ‘गाडी आहे का?’ दिलं तर मागणीही असेल, चौकशीही असेल.

खडू-डस्टर (परभणी)
पुढचं ठरलं. पण हा पेपर तपासून झालाय आणि प्रश्नात ‘रूपावरून’ हा शब्द नव्हता. नुसतं ‘वाक्याचा प्रकार ओळखा’ होतं.

मांजराकाठ
मग मार्क द्या. जे विचारलंच नाही त्याचा मार्क कसा कापता?

बालाघाटी
वर्षभर वर्गात प्रकार म्हणजे रूप असंच शिकवलं असेल तर शब्द नसला तरी तेच विचारलंय. मी अर्धाही देणार नाही. तिला बोलावून ‘तू गप्प बस का’ म्हणायला लावीन. जीभ अडली की तिचं तिलाच कळेल.

उदगीरची
आन् ती म्हणाली, ‘सर, हे विचारलंत का सांगितलंत?’ मग?