मदत हवी आहे: बाजार बंद राहिला की कॉफमनची सरासरी पळत सुटते

लातूरच्या मोंढ्यातल्या सोयाबीनच्या रोजच्या भावावर एक्सेलमध्ये कॉफमनची सरासरी (10, 2, 30) लावलीय. एरवी छान चालते. दहा दिवसांत भाव खाली-वर मिळून 400 रुपये हलला, पण निव्वळ 40 च वाढला, तर गुणोत्तर 0.1 येतं. मग वेग असा काढतो:

```
=(0.1*(2/3-2/31)+2/31)^2
```

म्हणजे 0.0156, रेषा जागची हलतच नाही.

दिवाळीत मोंढा बंद, म्हणून सात दिवस जुनाच भाव भरला (इथंच माती खाल्ली बहुतेक). उघडल्यावर तीन दिवस भाव सलग वाढला, तोही मिळून 60 रुपयेच. तरी गुणोत्तर थेट 1, वेग 0.444! बंदच्या ओळी काढून टाकू, की खिडकी दहाऐवजी वीस दिवसांची करू?