उत्तर: घर हलवायच्या गाडीचा किलोमीटरचा रेट एकेरी की दुहेरी?

"24 रुपये किमी सांगितलं, नागपूरहून अमरावती 155 किमी, म्हणजे 3,700 च होतात ना?"

नाही ना भाऊ, गाडीवाला जाऊन-येऊन धरतो, कारण सामान उतरवून तो रिकामाच परत येतो आणि डिझेल तेव्हाही जळतंच. मी मागच्या वर्षी नागपुरातल्या मानेवाड्याहून अमरावतीला घर हलवलं, चौदा फुटी गाडी, रेट हाच. गाडी नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रक अड्ड्यावरून निघाली तेव्हापासून मीटर चालू, परत अड्ड्यावर येईस्तोवर 330 किमी, म्हणजे 7,920 झाले. टोल वेगळा. म्हणून मीटर कुठून कुठपर्यंत ते आधीच विचारा आणि निघताना मीटरचा फोटो काढून ठेवा.

हमालीत मात्र मी फसलो. चार हमाल, इथे तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचे 2,000 आणि तिकडे चढवायचे 2,200 ठरले होते. तिकडची गल्ली अरुंद, गाडी चौकातच अडकली, अन् हमाल फ्रिज रस्त्यावर ठेवून म्हणाले, दारात गाडी लागेल असं ठरलं होतं, वरचे 800 द्या! भर उन्हात काय वाद घालणार, दिले. तर मजला सांगता तसं गाडीपासून दारापर्यंत किती पावलं तेही सांगून टाका, कपाट-पलंग खोलणं हमालीत आहे का तेही.

तारीख मागेपुढे चालत असेल तर वाडीत अमरावतीचीच परतीची गाडी बघा, ती एकेरी भाड्यात येते. पण तिच्या वेळेवर आपण तयार राहायचं, आपल्या वेळेवर ती नाही.