मदत हवी आहे : भर जुलैत न्यू जर्सीत फ्लू कसा झाला? आणि आईच्या मेलबर्न प्रवासाआधी काय करू?

एडिसनची_मंजू

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल.

मी आणि माझी सात वर्षांची लेक तीन आठवडे मेलबर्नला भावाकडे होतो. 22 जुलैला तिथून निघालो आणि तारखेच्या हिशेबाने त्याच दिवशी न्यू जर्सीत घरी पोचलो. 24 च्या सकाळी मला एकदम ताप भरला, 102 च्या वर. सुरुवातीला सर्दी वगैरे काही नव्हती, पण पाठ आणि पिंढऱ्या अशा दुखत होत्या की जिना चढवेना. मग कोरडा खोकला सुरू झाला. दुसऱ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात गेले. तिथे फक्त कोविडची टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली. मी फ्लूचं विचारलं तर म्हणाले, "जुलैत फ्लू नसतो, प्रवासाचा शीण असेल." 27 ला नवऱ्याला तसाच ताप आला. तो तर आमच्याबरोबर आलाही नव्हता. त्याने हट्टाने फ्लूची टेस्ट करून घेतली आणि इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह निघाला. लेकीला मात्र काहीच झालं नाही.

आम्ही तिघांनी मागच्या ऑक्टोबरात फ्लूची लस घेतली होती. मग हे झालं कसं? खरी काळजी पुढची आहे. माझी आई (वय 68, मधुमेह आहे) कोल्हापूरहून पुढच्या जूनमध्ये भावाकडे जाणार आहे. तिला लस कधी आणि कुठली द्यायची?

चिंचवडकर_काका

मंजूताई, साधी गोष्ट आहे. आपल्याकडे जुलै म्हणजे पावसाळा, अमेरिकेत उन्हाळा, पण ऑस्ट्रेलियात कडाक्याची थंडी. थंडी बाधली. इकडच्या उकाड्यातून तिकडच्या गारठ्यात आणि परत उकाड्यात, शरीराला ते झेपत नाही. लोकरीचे कपडे, गरम पाणी, हळदीचं दूध. आईंनाही हेच सांगा.

दक्षिण_मेलबर्न

काका, ऋतूचं तुमचं बरोबर आहे, पण गारठा बाधून फ्लू होत नाही. फ्लू असलेला माणूस जवळ असावा लागतो. इथे जुलैत दिवसा 13-14 अंश असतं, म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीसारखंच. फरक आहे तो घरात. सगळ्या खिडक्या बंद, जमिनीतल्या झडपांतून हीटरची कोरडी गरम हवा दिवसभर चालू, ओठ फुटतात. अशा हवेत एकाला खोकला झाला की घरभर होतो. जून ते ऑगस्ट आमच्या ऑफिसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतात. मंजू, भावाच्या घरी कुणी आजारी होतं का?

एडिसनची_मंजू

हो! भाचा 20 तारखेपासून खोकत होता. शाळेत बरीच मुलं गैरहजर होती असं वहिनी म्हणत होती. निघायच्या आदल्या रात्री तो माझ्या मांडीवर झोपला होता.

साथरोग_डॉक्टर

मग तारखा जुळतात. फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला एक ते चार दिवस लागतात, बहुधा दोन. तुम्हाला 24 ला ताप आला, म्हणजे लागण 20 ते 23 च्या दरम्यान. भाचा असेल किंवा विमानात शेजारी बसलेलं कुणी. यातलं नेमकं कोण, हे आता सांगता येणार नाही. ताप यायच्या एक दिवस आधीपासून आपण दुसऱ्याला लागण देऊ शकतो, त्यामुळे नवऱ्याचा 27 चा तापही त्या साखळीत बसतो. लेकीला लागण होऊनही लक्षणं दिसली नसतील, तेही होतं.

आता "जुलैत फ्लू नसतो" या वाक्याबद्दल. न्यू जर्सीत जुलैत फ्लू *पसरत* नाही, हे बरोबर आहे. हवा दमट, मुलांना शाळेची सुट्टी, आणि आदल्या हिवाळ्यात बऱ्याच जणांना फ्लू होऊन गेलेला किंवा लस मिळालेली. अशा वेळी एक रोगी सरासरी एकालाही पुरती लागण देत नाही आणि साखळी विझते. तुमच्या घरातही ती नवऱ्यापाशी थांबली. पण विमानातून आलेल्या माणसाच्या अंगातला विषाणू कॅलेंडर बघत नाही. विझणारी साखळी असली तरी तिच्यातली पहिली दोन माणसं आजारी पडतातच.

हे जुनं माहीत आहे. 1997 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कहून मॉन्ट्रियलला जाणाऱ्या एका क्रूझ जहाजावर फ्लूची साथ आली. ऑस्ट्रेलियातून आलेल्या प्रवाशांच्या गटाबरोबर ती आली असावी असा तपासाचा निष्कर्ष होता, आणि विषाणू सिडनी जातीचा निघाला. जहाजावर माणसं दाटीने राहतात, म्हणून तिथे ती विझली नाही.

चिंचवडकर_काका

डॉक्टर, दमट हवेत पसरत नाही म्हणता, तर 2009 च्या ऑगस्टात आमच्या पुण्यात स्वाइन फ्लू कसा आला? भर पावसात शाळा बंद, तोंडाला रुमाल बांधून लोक नायडू हॉस्पिटलबाहेर रांगेत. मी स्वतः उभा होतो.

साथरोग_डॉक्टर

काका, नेमकी शंका काढलीत. एक तर तो विषाणू नवा होता, बहुतेकांच्या अंगात त्याच्याविरुद्ध काहीच नव्हतं, म्हणून त्या वर्षी अमेरिकेतही तो उन्हाळ्यात पसरला. दुसरं म्हणजे मी दमट हवेचं बोललो ते थंड देशांपुरतं. आपल्याकडे वेगळंच आहे: महाराष्ट्रासह भारताच्या बऱ्याच भागात फ्लूचा मोठा हंगाम जून ते सप्टेंबर हाच असतो, आणि जानेवारी ते मार्चमध्ये बहुधा एक लहान लाट. श्रीनगरला मात्र युरोपसारखा हिवाळ्यात. पावसाळ्यात का वाढतो याचं एकच पटणारं कारण अजून हाती नाही. लोक घरात कोंडले जातात हे एक, पण तेवढ्याने सगळं उलगडत नाही.

पणजीची_सई

माझे बाबा मे महिन्यात दुबईहून आले आणि तिसऱ्या दिवशी ताप. आम्ही घरात पडलेल्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या, दोन दिवसांत उतरला. मग तोही फ्लूच का? गोळ्यांनी गेला ना?

साथरोग_डॉक्टर

सईताई, टेस्टशिवाय सांगता येणार नाही. पण फ्लूवर अँटिबायोटिक चालत नाही. तापाची ती उतरायची वेळ असेल. आणि गोव्यात ताप आला की डेंगी-मलेरियाची तपासणी आधी, कृपया.

मंजूताई, लसीचं. तुमची ऑक्टोबरची लस जुलैपर्यंत नऊ महिन्यांची झाली, तोवर तिचा जोर बराच उतरलेला असतो. शिवाय उत्तर गोलार्धासाठी लसीत कोणते विषाणू घ्यायचे हे जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत सुचवते आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरात. कधी दोन्ही लसी सारख्या निघतात, कधी नाही.

आईंचं उलट सोपं आहे. भारतात दक्षिण गोलार्धाची लसही मिळते. एप्रिल-मेमध्ये ती घेतली की जूनमध्ये मेलबर्नला आणि परतल्यावर कोल्हापूरच्या पावसाळ्यातही तिचा उपयोग. निघायच्या निदान दोन आठवडे आधी घ्या, अंगात तयारी व्हायला तेवढा वेळ लागतो. खोक्यावर वर्ष आणि गोलार्ध लिहिलेला असतो, तो दुकानात वाचून घ्या. मागच्या वर्षीची उरलेली लस नको. आणि तिथे ताप आलाच तर भावाने पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ओसेल्टामिविर 48 तासांच्या आत सुरू केलं तर जास्त उपयोगी, आणि त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे वाट बघू नका.

एडिसनची_मंजू

खूप आभार डॉक्टर, आईला आजच फोन करते. पण मी स्वतः पुढच्या जुलैत गेले तर? इथे जुलैत लस कुठेच मिळत नाही, औषधाच्या दुकानात म्हणाले जुन्या लसीची मुदत 30 जूनला संपते.

दक्षिण_मेलबर्न

इथे फार्मसीत पैसे भरून मिळते. पण उतरल्यावर घेतली तर पहिले दोन आठवडे तसेच जातात.

साथरोग_डॉक्टर

आणि ऑक्टोबरात एकदा घेतलेल्या निरोगी माणसाने त्याच उन्हाळ्यात दुसरी घेतल्याने किती फायदा होतो, याची पक्की माहिती नाही. तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. मात्र परतल्यावर ताप आला तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच असू द्या: "मी दोन दिवसांपूर्वी ऑस्ट्रेलियातून आले, तिथे आत्ता हिवाळा आहे, फ्लूची पीसीआर करा." झटपट पट्टीची टेस्ट निगेटिव्ह आली तरी फ्लू नाहीच असं धरू नका.

एडिसनची_मंजू

वाक्य फोनमध्ये लिहून ठेवलं. आईच्या डॉक्टरांकडे दक्षिणेची लस मिळाली की इथे कळवते. कोल्हापुरात कुणी नुकतीच घेतली असेल तर कुठे मिळाली ते सांगा.