मदत हवी आहे: मोबाइल हरवल्याच्या मराठी अर्जाचं इंग्रजी भाषांतर, वेळा कशा लिहायच्या?

वाफाळता_चहा
भावाचा ऑफिसने दिलेला फोन दादर-डोंबिवली लोकलमध्ये गेला. लोहमार्ग पोलिसांकडे मराठीत अर्ज दिला, शिक्का मारलेली प्रत मिळाली. विम्याचं काम बंगळुरूच्या ऑफिसातून होतं आणि त्यांना इंग्रजी भाषांतर हवंय. मजकूर असा:

"दि. १४ मार्च २०२६ रोजी रात्री पावणेबाराच्या सुमारास मी दादर येथून धीम्या लोकलमध्ये बसलो. ठाणे येण्यापूर्वी फोनवर बोललो. रात्री एकच्या सुमारास डोंबिवलीला उतरल्यावर फोन खिशात नसल्याचे लक्षात आले. गर्दीत फोन पडला असावा किंवा कोणीतरी काढून घेतला असावा."

शेवटी सरळ 'स्टोलन' लिहू का? नुसता हरवला तर विमा देत नाहीत म्हणे.

फलाट_क्र_५
आधी `ceir.gov.in` वर फोन ब्लॉक करा. तक्रारीची प्रत लागते आणि ओटीपीसाठी त्याच नंबरचं नवं सिम चालू असावं लागतं.

वाफाळता_चहा
ते झालंय हो. अडलंय ते भाषांतरापाशी.

दुभाष्या
गोम तारखेत आहे. '१४ च्या रात्री एक वाजता' म्हटलं की मराठी माणसाला बरोबर कळतं. इंग्रजीत मात्र '१४ मार्च, १ ए.एम.' लिहिलंत तर ती वेळ गाडीत बसण्याच्या जवळजवळ तेवीस तास आधीची होते. त्यामुळे चोवीस तासांचं घड्याळ धरा: बसण्याची वेळ १४ मार्च, २३:४५; उतरण्याची ०१:००. मूळ अर्जात दुसरी तारीख लिहिलेली नाही, म्हणून '१५ मार्च' चौकोनी कंसात टाका आणि खाली लिहा की कंसातला मजकूर भाषांतरकाराचा आहे. दोन्ही 'सुमारास' राहिले पाहिजेत, दोन्हीकडे 'अ‍ॅप्रॉक्सिमेटली' लिहा.

दुसरं, एक वाजता फोन हरवला असं अर्जात कुठेच नाही. एक वाजता तो नाही हे लक्षात आलं. तिथे 'नोटिस्ड' हवं. 'लॉस्ट अ‍ॅट ०१:००' लिहिलंत तर फोन डोंबिवली स्थानकात गेला असा अर्थ होईल, आणि भाऊ तसं म्हणतच नाहीये.

'स्टोलन' नको. दोनदा 'असावा' आहे, तर दोनदा 'मे हॅव' येऊ द्या, क्रमही तोच ठेवा.

कांदेपोहे_प्लस
वेळेचा एवढा घोळ कशाला? ज्याच्याशी बोलला त्याच्या फोनमध्ये कॉल संपल्याची वेळ असेल. तीच भाषांतरात टाका, पुरावा पक्का होतो.

वाफाळता_चहा
वहिनीच्या फोनमध्ये कॉल ००:२१ ला संपल्याचं दिसतंय.

दुभाष्या
वेळ कामाची आहे, जागा चुकतेय. ००:२१ पर्यंत फोन हातात होता, म्हणजे तो गेला ००:२१ ते ०१:०० च्या दरम्यान. पण मूळ अर्जात ही वेळ नाही. भाषांतरात घुसवली की दोन कागद जुळत नाहीत आणि भाषांतरावरचाच भरवसा जातो. पोलिसांकडे पुरवणी अर्ज द्या, त्यात कॉलची वेळ लिहा, आणि मग दोन्ही अर्जांचं भाषांतर करा. चोरीचाच संशय असेल तर तोही तिथेच मांडा. चोरीचा गुन्हा नोंदला तर तो भारतीय न्याय संहितेखाली, आणि त्याचा एफआयआर हा वेगळा कागद. सध्या हातात गहाळ नोंद असेल तर तिला इंग्रजीत 'एफआयआर' म्हणू नका.

आजोळची_वाट
आयएमईआय सांभाळा. हाताने लिहिलेला मराठी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो. अर्जावरून उतरवून झाला की खोक्यावरच्या आकड्याशी ताडून बघा. पंधरा आकडे हवेत, दोन सिमचा फोन असेल तर बहुधा दोन नंबर. `*#06#` आता उपयोगाचं नाही, फोनच नाही. आणि अर्जातच आकडा चुकला असेल तर भाषांतरात गुपचूप सुधारू नका, तोही पुरवणी अर्जातच.

कांदेपोहे_प्लस
पण नोटरी लागतेच हं. माझ्या मावसभावाच्या पासपोर्टच्या वेळी लागली होती.

दुभाष्या
पासपोर्टचं काम वेगळं. काही विमा कंपन्या भाषांतरकाराच्या सहीवर आणि 'मूळ मजकुराशी जुळते' एवढ्या ओळीवर भागवतात, काही नोटरी मागतात. आधी ईमेलने लेखी विचारा. शिक्का आणि नोंद क्रमांकाचंही भाषांतर करा, ते हमखास राहून जातं. शिक्क्यातलं अक्षर लागत नसेल तर 'अस्पष्ट' लिहा, अंदाज नको.

वाफाळता_चहा
नोटरीचं विचारते. पुरवणी अर्ज डोंबिवलीलाच द्यायचा, की कॉल ठाण्याच्या अलीकडे संपला म्हणून ठाण्याला?

फलाट_क्र_५
पहिली नोंद जिथे, तिथेच आधी जा. पुढे हद्दीवरून कागद हलवायचे का ते पोलीस बघतील. जाताना वहिनीच्या कॉल लॉगचा तारखेसकट स्क्रीनशॉट छापून न्या.