रडार लेव्हल ६२ टक्क्यांवर अडकतंय

> "टाकी रिकामी करत आणली तरी लेव्हल ६२%च दाखवतो, एम्प्टी ६.२ मीटर, फुल ५.५ मीटर टाकलंय, काय बदलू?"

आधी एम्प्टी-फुलला हात लावू नका, डिस्प्लेवर डिस्टन्स बघा, कारण ते रडारने प्रत्यक्ष मोजलेलं असतं, सेटिंग बदललं तरी बदलत नाही. तुमच्या आकड्यांवरून ते ६.२ वजा ५.५ चे ६२%, म्हणजे साधारण २.८ मीटर यायला हवं. फ्लँजपासून टेपने २.८ मीटर मोजा, तिथे शिडीची पायरी किंवा पाइपचा ब्रॅकेट सापडला की चोर तोच.

हे गणित फुल म्हणजे शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंतची उंची धरून केलंय, काही मेकमध्ये तिथे फ्लँजपासून शंभर टक्क्यांपर्यंतचं अंतर टाकायचं असतं, तुमच्या टाकीत ते ०.७ मीटर होईल, त्यामुळे मॅन्युअल नक्की बघा.

मग आधी ट्रान्समीटर थोडा थोडा फिरवून बघा, बीम पोलराइज्ड असल्याने शिडीचा एको बऱ्याचदा तेवढ्यानेच बसतो. नाहीच बसला तर मॅपिंग, म्हणजे खोटे एको नोंदवून दाबणं, पण लेव्हल खाली असतानाच. समजा द्रव फ्लँजपासून ५ मीटरवर आहे, तर मॅप ४.५ पर्यंतच घ्या. आमच्या इथे एकाने अर्धी टाकी भरलेली असताना पूर्ण उंचीचा मॅप घेतला, त्यात द्रवाचा खरा एकोच खोटा म्हणून दाबला गेला आणि लेव्हल बरोबर तिथे आली की सिग्नल गायब व्हायचा, शेवटी मॅप डिलीट करून टाकी रिकामी झाल्यावर परत घ्यावा लागला.