सुपरडायोड शिकवणं बंद करा, थेट दोन डायोडवालं सर्किट शिकवा – तुमचं मत?

सर्किटवेडा
साधा डायोड अर्धा-पाऊण व्होल्ट स्वतःच खातो, त्यामुळे २० मिलीव्होल्टचा सिग्नल त्यातून पार होत नाही. यावर कॉलेजात पहिला उपाय दाखवतात तो सुपरडायोडचा, म्हणजे ऑप-अँपच्या आउटपुटला एक डायोड आणि फीडबॅक डायोडच्या पुढून. माझं मत, हे सर्किट शिकवूच नये. निगेटिव्ह हाफमध्ये डायोड बंद झाला की लूप तुटतो, ७४१ खाली -११ व्होल्टला जाऊन बसतो आणि पुढच्या पॉझिटिव्ह हाफला तिथून वर यायला वेळ घेतो. इन्व्हर्टिंग दोन डायोडवाल्यात निगेटिव्ह-पॉझिटिव्ह कुठल्याही हाफमध्ये एक ना एक डायोड चालू असतो, लूप तुटत नाही, प्रश्न संपला. कोणाला पटत नसेल तर कारणासकट सांगा.

मंजिरी_लॅब
मला नाही पटत. मी डिप्लोमाची लॅब घेते. मुलांना आधी हे कळायला हवं की डायोडचा ड्रॉप नाहीसा होत नाही, ऑप-अँप तो आपल्या आउटपुटला जास्तीचा अर्धा व्होल्ट देऊन भरून काढतो, आणि हे एका डायोडच्या सर्किटवर जितकं स्वच्छ दिसतं तितकं दोन डायोड आणि दोन रेझिस्टरच्या गुंत्यात दिसत नाही. शिवाय ५० हर्ट्झला सुपरडायोड चांगला चालतो, करंट ट्रान्सफॉर्मरचं आउटपुट मोजायचं असेल तर तक्रारीला जागा नाही. एका मर्यादेपलीकडे चालत नाही म्हणून काढून टाकायचं तर मग ७४१ पण काढा अभ्यासक्रमातून.

बॅटरीवाले_काका
मंडळी, माझ्याकडे १२ व्होल्टचा जुना बॅटरी चार्जर आहे, त्यातले ब्रिजचे डायोड फार तापतात. ड्रॉप जात असेल तर तापणं पण जाईल ना? हेच सर्किट लावलं तर चालेल का, कुठला ऑप-अँप घेऊ?

सर्किटवेडा
नाही काका, इथे ड्रॉप ऑप-अँप भरून काढतो आणि तो जेमतेम वीस-पंचवीस मिलीअँपिअर देतो, चार्जरला काही अँपिअर लागतात. तुम्ही शॉटकी डायोड बघा, करंट आणि उलट व्होल्टेजचं रेटिंग पुरेसं असलेले.
@मंजिरी, ५० हर्ट्झचं मान्य, पण ऑडिओला? ११ व्होल्ट भागिले ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, म्हणजे २२-२३ मायक्रोसेकंद वाया. १ किलोहर्ट्झला अर्धी सायकल ५०० ची, तिथे एकवेळ चालेल, पण १० किलोहर्ट्झला ती ५० ची असते, जवळजवळ अर्धा तुकडा गेला.

पिन_सहा
सर्किटवेडा, तुमचा २२-२३ चा आकडा मोठ्या सिग्नलचा आहे आणि धागा छोट्या सिग्नलचा. डेटाशीटमधला ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद स्ल्यू रेट मिळायला ७४१ च्या दोन इनपुटमध्ये साधारण ८० मिलीव्होल्ट किंवा जास्त फरक लागतो. तुमचा सिग्नलच २० मिलीव्होल्ट पीकचा असेल तर लूप तुटलेला असताना आउटपुट जास्तीत जास्त ०.१२ च्या आसपास वेगाने हलतं, ते पण पीकला, झिरो क्रॉसिंगजवळ तर सरपटतंच. १ मेगाहर्ट्झ गेन-बँडविड्थ धरून हिशोब केला तर १ किलोहर्ट्झला वर यायला १७०-१८० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे अर्ध्या सायकलचा तिसरा भाग तिथेच गेला. १० किलोहर्ट्झला पूर्ण पॉझिटिव्ह हाफ खर्च करून पण ते फार तर ४ व्होल्ट वर चढतं आणि आधीच्या निगेटिव्ह हाफमध्ये तेवढंच खाली गेलेलं असतं, त्यामुळे डायोड जेमतेम चालू व्हायच्या आत हाफ संपतो. आउटपुट जवळजवळ शून्य.

आता दोन डायोडवालं, ज्याने प्रश्न संपला असं तुम्ही म्हणताय. लूप तुटत नाही हे पूर्ण खरं नाही. एक डायोड बंद होऊन दुसरा चालू होईपर्यंत मधे दोन्ही बंद असतात आणि तेवढा वेळ ऑप-अँप ओपन लूपच असतो. इतक्या कमी करंटला १एन४१४८ चा ड्रॉप ०.३ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्याकडे ०.६ व्होल्टचा प्रवास, आणि इनपुटचा साधारण अर्धाच भाग इन्व्हर्टिंग पिनपर्यंत पोचतो. १ किलोहर्ट्झला ५५ मायक्रोसेकंद, सरासरीत सुमारे ३ टक्के कमी. १० किलोहर्ट्झला अठरा-एकोणीस मायक्रोसेकंद, अर्ध्या सायकलच्या तिसऱ्या भागाहून जास्त. सुपरडायोडपेक्षा कितीतरी बरं, पण मीटर म्हणून बेभरवशाचंच.

डीएसओचा प्रोब सर्किटच्या आउटपुटवर न लावता ऑप-अँपच्या सहा नंबरच्या पिनवर लावून बघा. झिरो क्रॉसिंगला ती उडी सरळ उभी दिसली तर ठीक, तिरकी दिसली तर तेवढा सिग्नल गेला.

अरुणोदय
एवढा खटाटोप कशाला? एलएम३५८ ला ५ व्होल्टची सिंगल सप्लाय द्या आणि सुपरडायोडच लावा. निगेटिव्ह हाफमध्ये आउटपुट ग्राउंडच्या खाली जाऊच शकत नाही, म्हणजे वर यायला अर्धाच व्होल्ट. दोन डायोडवाल्यापेक्षा पण कमी.

पिन_सहा
ही युक्ती चांगली आहे, वेगाच्या बाबतीत बरोबर पण आहे. इनपुट ग्राउंडच्या ०.३ व्होल्टपेक्षा जास्त खाली नेऊ नका, २० मिलीव्होल्टला तो प्रश्न येत नाही. पण ऑफसेट बघा. एलएम३५८ चा नेहमीचा ऑफसेट २-३ मिलीव्होल्ट आणि कमाल ७ पर्यंत सांगितलेला. २० मधले ३ उलट्या बाजूने गेले की सिग्नल ३ मिलीव्होल्ट ओलांडेपर्यंत आउटपुट उठतच नाही. दोन डायोडवाल्यात तर हा ऑफसेट दुप्पट होऊन बाहेर येतो.

सर्किटवेडा
मग ओपी०७ घ्या, ऑफसेट मायक्रोव्होल्टमध्ये. नाहीतर टीएल०७२, स्ल्यू रेट १३, ७४१ च्या सव्वीसपट.

पिन_सहा
ओपी०७ ७४१ पेक्षा पण हळू आहे, ५० हर्ट्झला उत्तम, ऑडिओला नाही. टीएल०७२ चा सव्वीसपट स्ल्यू रेट इथे वापरलाच जात नाही, उपयोगी पडते ती तीनपट गेन-बँडविड्थ, आणि वेळ तिच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणून ५५ चे ३२ होतात, बस.

माझं मत असं की भांडण एक डायोड की दोन हे नाहीच. रेक्टिफायरच्या आधी गेन लावा. टीएल०७२ मध्ये दोन ऑप-अँप असतात, पहिला ५० च्या गेनला, मधे कपॅसिटर आणि दुसऱ्यावर दोन डायोडचा रेक्टिफायर. २० मिलीव्होल्टचे १ व्होल्ट झाले, १ किलोहर्ट्झचा वेळ ३२ वरून पाचच्या आत आला, पहिल्याचा ऑफसेट कपॅसिटरने अडवला आणि दुसऱ्याचे ५-६ मिलीव्होल्ट १ व्होल्टपुढे किरकोळ.

अरुणोदय
१ व्होल्ट झालाच आहे तर मग साधा डायोड का नाही?

पिन_सहा
कारण १ व्होल्टमधला अर्धा तो खाईल, आणि आवाज कमी होऊन इनपुट ५ मिलीव्होल्टवर आलं की पाव व्होल्टातलं जवळजवळ सगळंच. चूक टक्क्यांत सारखी राहिली असती तर कॅलिब्रेट करता आली असती, ही लेव्हलनुसार बदलते.

मंजिरी_लॅब
गेन आधी हे पटलं, मायक्रोफोनच्या प्रोजेक्टवाल्या मुलांना तसंच करायला लावीन. पण पहिल्या तासाला सुपरडायोडच दाखवणार. पिन सहावरची ती तिरकी उडी मुलांनी स्वतः बघितल्याशिवाय दुसरा डायोड कशासाठी हे त्यांना कळणार नाही.

सर्किटवेडा
दाखवा, पण मग १ किलोहर्ट्झ आणि २० मिलीव्होल्टवर दाखवा. १ व्होल्ट पीक घालून सुंदर अर्धी सायकल दाखवली की मुलं तेच सर्किट मायक्रोफोनला लावतात, माझा आक्षेप त्याला आहे.